अंशात की छेदात?
सूक्ष्मदर्शी आणि दुर्बीण यांच्या विशालनाचा हिशेब

गॅलिलिओचे ‘सिडेरियस नन्सियस’ हे छोटेखानी पुस्तक मार्च १६१० मध्ये व्हेनिसला छापले गेले. गाजले ते चंद्रावरच्या डोंगरांमुळे आणि गुरूच्या चार चंद्रांमुळे. पण त्यात सुरुवातीलाच एक अगदी व्यवहारी सूचना आहे. आपली दुर्बीण किती पट मोठे दाखवते हे ज्याला पाहायचे असेल त्याने कागदाची दोन वर्तुळे कापावीत, मोठ्याचा व्यास छोट्याच्या वीसपट ठेवावा आणि दोन्ही एकाच भिंतीवर चिकटवावीत. मग लांब उभे राहून एका डोळ्याने दुर्बिणीतून छोटे वर्तुळ पाहावे आणि दुसऱ्या, उघड्या डोळ्याने मोठे. दोन्ही सारखी दिसली की दुर्बीण वीसपटीची आहे असे समजावे.

पंचावन्न वर्षांनी, १६६५ मध्ये, लंडनच्या रॉबर्ट हूकने ‘मायक्रोग्राफिया’त अशीच दोन डोळ्यांची युक्ती सांगितली. एक डोळा सूक्ष्मदर्शीच्या नेत्रिकेला लावायचा आणि दुसऱ्या मोकळ्या डोळ्याने उपकरणाच्या बैठकीवर ठेवलेल्या मोजपट्टीकडे पाहायचे. मोठी झालेली पिसू जणू पट्टीवर पसरलेली दिसते. ती किती इंच भरली ते वाचायचे आणि तिच्या खऱ्या लांबीने भागायचे.

युक्ती एकच असली तरी मोकळा डोळा काय पाहतो आहे ते दोन्हीकडे वेगळे आहे. गॅलिलिओचा मोकळा डोळा वस्तूच्याच भिंतीकडे, तेवढ्याच अंतरावर पाहतो. हूकचा मोकळा डोळा पाहतो तो हाताशी ठेवलेल्या पट्टीकडे. कोनीय विशालनाचा सगळा पेच या फरकात आहे. दहावीच्या पुस्तकात दोन्ही उपकरणे शेजारी शेजारी येतात, दोन्हींत दोन बहिर्वक्र भिंगे असतात, आकृत्याही सारख्याच वाटतात. पुढे सूत्रे शिकायची वेळ येते तेव्हा दुर्बिणीच्या सूत्रात पदार्थ भिंगाचे नाभीय अंतर अंशात दिसते आणि सूक्ष्मदर्शीच्या सूत्रात छेदात. बहुतेक विद्यार्थी हे पाठ करतात आणि परीक्षेत उलटेपालटे लिहितात. कारण एकदा नीट कळले तर पाठ करण्याची गरज उरत नाही.

आधी ‘विशालन’ कशाचे, ते ठरवू. आपल्या डोळ्याला वस्तूची लांबी कळत नाही. वस्तूच्या दोन टोकांकडून येणारे किरण डोळ्याशी जो कोन करतात, तो कळतो. पौर्णिमेचा चंद्र डोळ्याशी सुमारे अर्ध्या अंशाचा कोन करतो. हात लांब करून करंगळीचे टोक धरले तर ते सुमारे एक अंशाचा कोन करते, म्हणून करंगळीआड चंद्र सहज झाकला जातो. कोनीय विशालन म्हणजे उपकरणातून दिसणारा कोन भागिले उपकरणाशिवाय दिसणारा कोन. व्याख्या दोन्ही उपकरणांना एकच आहे. अडचण ‘उपकरणाशिवाय’ या शब्दात आहे. चंद्र उपकरणाशिवाय पाहायचा तर तो जिथे आहे तिथेच पाहावा लागतो, जवळ आणण्याची सोय नाही. रक्ताचा थेंब मात्र डोळ्याच्या जवळ नेता येतो, आणि जितका जवळ न्यावा तितका कोन वाढत जातो. मग तुलना कोणत्या अंतराशी करायची? म्हणून सर्वांनी मिळून एक अंतर ठरवून घेतले: २५ सेंटीमीटर, सुस्पष्ट दृष्टीचे लघुत्तम अंतर. सूक्ष्मदर्शीच्या प्रत्येक सूत्रात हे २५ सेंटीमीटर बसलेले असतात. खगोलीय दुर्बिणीच्या साध्या सूत्रात त्यांचा मागमूसही नसतो.

आता चंद्राचाच हिशेब करू. हौशी निरीक्षकांकडे सर्रास आढळणारी एक दुर्बीण घेऊ: पदार्थ भिंगाचा व्यास ७० मिलिमीटर, नाभीय अंतर ९०० मिलिमीटर. सोबत २५ मिलिमीटर नाभीय अंतराची नेत्रिका. चंद्राचा अर्धा अंश म्हणजे सुमारे ०.००९ रेडियन. इतक्या दुरून येणारे किरण समांतरच धरायचे, त्यामुळे पदार्थ भिंग चंद्राची प्रतिमा आपल्या नाभीय प्रतलात पाडते. त्या प्रतिमेची लांबी म्हणजे कोन गुणिले नाभीय अंतर: ०.००९ गुणिले ९००, म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर.

ही प्रतिमा प्रत्यक्ष पाहता येते, आणि ज्यांच्याकडे दुर्बीण आहे त्यांनी ती एकदा तरी पाहावीच. चंद्राकडे दुर्बीण रोखा, नेत्रिका काढून घ्या आणि नळीच्या तोंडाशी बटर पेपरचा तुकडा धरून फोकसचे चाक हळूहळू फिरवा. एका जागी हरभऱ्याएवढा, उलटा, लख्ख चंद्र कागदावर उतरतो. त्यावरचे काळे ‘सागर’सुद्धा ओळखू येतात. (सूर्यावर हा प्रयोग करू नका. कागद जळेल, आणि तिथे चुकून डोळा गेला तर डोळा जाईल.) हा आठ मिलिमीटरचा चंद्र म्हणजे दुर्बिणीची अर्धी कामगिरी. आता २५ मिलिमीटरची नेत्रिका पुन्हा बसवली की ती या प्रतिमेकडे भिंगासारखी पाहते. प्रतिमा तिच्या नाभीय प्रतलात असल्याने किरण पुन्हा समांतर होऊन बाहेर पडतात. त्यांचा कोन म्हणजे लांबी भागिले नाभीय अंतर: ८ भागिले २५, म्हणजे ०.३२ रेडियन, सुमारे १८ अंश. अर्ध्या अंशाचा चंद्र १८ अंशांचा झाला, म्हणजे ३६ पट. थेट भागाकारानेही तेच येते: ९०० भागिले २५, छत्तीस.

या हिशेबात कोणत्या भिंगाने कोणते काम केले ते पाहा. पदार्थ भिंगाने कोनाची लांबी केली आणि नेत्रिकेने लांबीचा पुन्हा कोन केला. कोनाची लांबी करताना नाभीय अंतराने गुणावे लागते, लांबीचा कोन करताना नाभीय अंतराने भागावे लागते. दुर्बिणीला आकाशातून मिळतो तो कोन. तो आपल्या हातात नाही. त्यातून मोठी प्रतिमा काढायची तर नाभीय अंतर लांब हवे. म्हणून पदार्थ भिंगाचे नाभीय अंतर अंशात आहे.

आणि हेही लक्षात घ्या की या सगळ्या खटाटोपात चंद्र लांबीने मोठा कुठेच झाला नाही. ३,४७४ किलोमीटर व्यासाचा चंद्र नळीत ८ मिलिमीटरचा झाला. दुर्बिणीबाबत ‘३६ पट मोठे’ म्हणणे म्हणूनच थोडे फसवे आहे. ‘३६ पट जवळ’ हे जास्त खरे. ३,८४,४०० किलोमीटरवरचा चंद्र १०,७०० किलोमीटरवर आला असता तर उघड्या डोळ्यांना जेवढा दिसला असता, साधारण तेवढा तो या नेत्रिकेतून दिसतो.

आता सूक्ष्मदर्शी. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो तसाच घेऊ: ४० पटीचे पदार्थ भिंग, १० पटीची नेत्रिका. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर. तांबडी पेशी सुमारे ७.५ मायक्रोमीटर रुंद असते, म्हणजे एका मिलिमीटरात एकशे तीसेक पेशी ओळीने बसतील. २५ सेंटीमीटरवरून उघड्या डोळ्याने पाहिली तर ती डोळ्याशी ०.००००३ रेडियनचा कोन करते, म्हणजे कलेचा, अर्थात अंशाच्या साठाव्या भागाचा, दहावा हिस्सा. निकोप डोळ्याला सुमारे एक कलेपेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही. म्हणून पेशी दिसत नाही, फक्त लाल डाग दिसतो.

या भिंगाचे नाभीय अंतर ४ मिलिमीटर धरू. जुन्या पद्धतीच्या सूक्ष्मदर्शीत भिंगाच्या नाभीपासून पुढे १६० मिलिमीटरवर नळीत प्रतिमा पडते. विशालन म्हणजे १६० भागिले ४, चाळीस. त्यासाठी पेशी भिंगापासून किती दूर हवी? भिंगाच्या सूत्रात आकडे घातले की उत्तर ४.१ मिलिमीटर येते. नाभीच्या पलीकडे फक्त ०.१ मिलिमीटर! सूक्ष्म फोकसचे चाक एवढ्या नाजूकपणे का फिरवावे लागते, हे या दशांश एकवरून कळते. प्रत्यक्षात हे पदार्थ भिंग अनेक भिंगांचे बनलेले असते आणि त्याच्या पुढच्या काचेपासून काचपट्टीपर्यंत मिलिमीटरभरही जागा उरत नाही. नवखा विद्यार्थी जोरात चाक फिरवतो आणि काचपट्टी तडकते ती इथेच.

तर ७.५ मायक्रोमीटरची पेशी नळीत ०.३ मिलिमीटरची झाली. १० पटीच्या नेत्रिकेचे नाभीय अंतर २५ मिलिमीटर असते, कारण २५० भागिले २५ म्हणजे १०. ०.३ भागिले २५, म्हणजे ०.०१२ रेडियन, सुमारे ०.७ अंश. पहिल्या कोनाच्या बरोबर ४०० पट. चारशे पट हा आकडा ऐकायला केवढा मोठा वाटतो, पण त्याने तांबडी पेशी आपल्याला पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा जेमतेम थोडी मोठी दिसते. वर्गात हा आकडा सांगताना चंद्राचा दाखला जोडला तर मुलांना तो खरा कळेल असे मला वाटते.

इथे पदार्थ भिंगाला काय मिळाले? कोन नव्हे, लांबी. पेशी एवढी एवढी रुंद आहे, हे ठरलेले. नळीची लांबीही ठरलेली. मग नाभीय अंतर जितके आखूड, तितकी पेशी भिंगाच्या जवळ नेता येते आणि तितका तिचा कोन भिंगापाशी मोठा होतो. म्हणून सूक्ष्मदर्शीत पदार्थ भिंगाचे नाभीय अंतर छेदात येते. दोन्ही सूत्रे शेजारी मांडली तर ती अशी दिसतात:

दुर्बीण: M = f₀ / fₑ

सूक्ष्मदर्शी: M = (L / f₀) × (D / fₑ)

यात f₀ पदार्थ भिंगाचे आणि fₑ नेत्रिकेचे नाभीय अंतर. D म्हणजे ते २५ सेंटीमीटर. L म्हणजे पदार्थ भिंगाच्या मागच्या नाभीपासून नेत्रिकेच्या पुढच्या नाभीपर्यंतचे अंतर. परीक्षेत इथे नेहमी गफलत होते: विद्यार्थी L च्या जागी दोन भिंगांमधले पूर्ण अंतर घालतात. वरच्या उदाहरणात दोन भिंगांमधले अंतर ४ अधिक १६० अधिक २५, म्हणजे १८९ मिलिमीटर आहे. ते घातले तर विशालन चारशेऐवजी ४७२ येईल. दुर्बिणीत दोन्ही नाभी एकाच जागी येतात, म्हणून तिथे L शून्य असतो आणि नळीची लांबी सरळ दोन नाभीय अंतरांची बेरीज होते. आपल्या दुर्बिणीत ती ९२५ मिलिमीटर. सूक्ष्मदर्शीची नळी लांबवली तर विशालन वाढते. जुन्या पितळी सूक्ष्मदर्शींना सरकती आतली नळी असे, तिने हेच साधत. दुर्बिणीची नळी लांबवली तर फक्त फोकस बिघडतो.

हा अंश-छेदाचा फरक इतिहासात डोळ्यांना दिसतो. १६७३ मध्ये डान्झिगच्या हेवेलियसने आपल्या वेधशाळेवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात खांबाला दोरखंडांनी टांगलेली, सुमारे १५० फूट लांबीची दुर्बीण चित्रित केलेली आहे. पदार्थ भिंगाचे नाभीय अंतर वाढवत नेले की शेवटी हे असे होते. (एवढी लांबी केवळ विशालनासाठी नव्हती. एका काचेच्या भिंगात रंग फाटतात, आणि नाभीय अंतर वाढवले की तो दोष सौम्य होतो.) त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात डेल्फ्टच्या लेव्हेनहूकचे पहिले पत्र छापले गेले. त्याची भिंगे मोहरीएवढी. त्याच्या उरलेल्या उपकरणांपैकी उट्रेख्टला असलेले भिंग सुमारे २६६ पटीचे आहे, म्हणजे नाभीय अंतर एका मिलिमीटरपेक्षाही किंचित कमी. लेव्हेनहूकचा सूक्ष्मदर्शी एकाच भिंगाचा होता, संयुक्त नव्हे. पण छेदातले नाभीय अंतर माणसाला कुठवर नेते, हे त्याच्याइतके स्वच्छ कोणी दाखवलेले नाही.

आता मला या विषयात सर्वांत आवडणारी गोष्ट. आजचे चांगले सूक्ष्मदर्शी वेगळ्या रचनेचे असतात. त्यांत नमुना पदार्थ भिंगाच्या बरोबर नाभीत ठेवतात, म्हणजे किरण समांतर होऊन वर जातात. मग नळीत बसवलेले आणखी एक भिंग, त्याला ट्यूब लेन्स म्हणतात, ते किरण गोळा करून प्रतिमा पाडते आणि नेत्रिका ती पाहते. समांतर किरणांच्या वाटेत फिल्टर किंवा लोलक घातले तरी फोकस सरकत नाही, म्हणून ही रचना रूढ झाली. काही कंपन्यांच्या उपकरणांत ट्यूब लेन्सचे नाभीय अंतर २०० मिलिमीटर असते. अशा रचनेत ४० पटीच्या पदार्थ भिंगाचे नाभीय अंतर ५ मिलिमीटर येते.

आता ट्यूब लेन्स आणि नेत्रिका या जोडीकडे वेगळे पाहा. समांतर किरण घेणारे लांब नाभीय अंतराचे भिंग, आणि त्याच्या प्रतिमेकडे पाहणारी नेत्रिका. ही तर खगोलीय दुर्बीण झाली! २०० भागिले २५, म्हणजे आठ पटीची. आणि तिच्या पुढे उरले काय? ५ मिलिमीटर नाभीय अंतराचे एक साधे भिंग, ज्याचे विशालन २५० भागिले ५, म्हणजे ५० पट. पन्नास गुणिले आठ, चारशे. म्हणजे या रचनेतला संयुक्त सूक्ष्मदर्शी म्हणजे एक जबरदस्त भिंग आणि त्याच्या मागे उभी केलेली एक लहानशी दुर्बीण. भिंगाने पेशीला अनंत अंतरावर नेऊन ठेवले, आणि तिथे ती पाहायला दुर्बीण लागली. दुर्बिणीच्या आठपटीत २५ सेंटीमीटर नाहीत. ते फक्त पुढच्या भिंगाच्या पन्नासपटीत आहेत.

आणि त्यामुळेच एक गोष्ट स्पष्ट म्हणावी लागते, जी पुस्तके सहसा म्हणत नाहीत. दुर्बिणीची ३६ पट ही कोणाच्याही डोळ्याला ३६ पटच आहे. सूक्ष्मदर्शीची ४०० पट मात्र २५ सेंटीमीटरच्या कराराने ठरलेली आहे. लहान मूल, किंवा जाड चष्मा लागणारा माणूस चष्मा काढून, दहा सेंटीमीटरवरची वस्तूही स्पष्ट पाहू शकतो. त्याच्या उघड्या डोळ्याला ती वस्तू आधीच अडीचपट मोठी दिसते, म्हणून सूक्ष्मदर्शीमुळे त्याचा खरा फायदा ४०० नव्हे, १६० पटीचा. उपकरणातून दिसणारा कोन दोघांनाही तोच. बदलतो तो भाजक.

पुस्तकांत दोन्ही सूत्रांची आणखी एक आवृत्ती असते. तीत अंतिम प्रतिमा अनंतावर न ठेवता २५ सेंटीमीटरवर आणतात, आणि विशालन थोडे वाढते. सूक्ष्मदर्शीत D / fₑ च्या जागी 1 + D / fₑ येते, दुर्बिणीत 1 + fₑ / D ने गुणावे लागते. सूत्रे वेगळी दिसली तरी वाढ तीच आहे: २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेसाठी दोन्हीकडे दहा टक्के. ३६ चे ३९.६ होतात, ४०० चे ४४०. पण त्यासाठी डोळ्याला सतत ताण देऊन जवळ पाहावे लागते. तासभर काचपट्ट्या तपासणारा तंत्रज्ञ डोळे सैल ठेवूनच पाहतो, आणि त्याने तसेच पाहावे.

मग नेत्रिका अधिक आखूड घेत गेलो तर विशालन हवे तेवढे वाढेल की! सूत्राप्रमाणे वाढेलच. ९०० मिलिमीटरच्या त्याच दुर्बिणीला ४ मिलिमीटरची नेत्रिका आणि तीनपट करणारे बार्लो भिंग लावले की ६७५ पट होते. पण विशालनाचे सूत्र प्रकाशाच्या स्वभावाबद्दल काहीच सांगत नाही. ७० मिलिमीटरच्या भिंगातून जाताना प्रकाश पसरतो, त्यामुळे ताऱ्याची प्रतिमा बिंदू न राहता बारीक चकती होते. ६७५ पट केली की ती चकतीही ६७५ पट होते, आणि तारा नेत्रिकेत जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा, मलूल, धूसर गोळा दिसतो. तपशील एकही वाढत नाही.

याची मर्यादा कुठे, ते ओळखायची सोपी खूण आहे. दिवसा दुर्बीण उजळ आकाशाकडे, सूर्यापासून दूर, रोखा आणि नेत्रिकेच्या मागे हातभर अंतरावर उभे राहून तिच्याकडे पाहा. नेत्रिकेच्या तोंडाशी एक छोटी तेजस्वी चकती तरंगताना दिसते. ती पदार्थ भिंगाचीच प्रतिमा. तिला निर्गम छिद्र म्हणू. दुर्बिणीतून येणारा सगळा प्रकाश तिच्यातून बाहेर पडतो. तिचा व्यास म्हणजे पदार्थ भिंगाचा व्यास भागिले विशालन. आपल्या दुर्बिणीत ७० भागिले ३६, सुमारे १.९ मिलिमीटर. बटर पेपरवर ती चकती घेऊन मोजली की नाभीय अंतरे माहीत नसतानाही विशालन काढता येते. आणि एक लबाडीही पकडता येते. काही स्वस्त दुर्बिणींत नळीच्या आत छिद्राची चकती बसवून भिंगाची कडा झाकलेली असते, म्हणजे खराब कडेचे दोष दिसत नाहीत. समजा नाभीय अंतरांवरून विशालन ३६ येते आणि चकतीवरून ५६. मग ७० मिलिमीटरचे भिंग प्रत्यक्षात ४५ मिलिमीटरचेच काम करते आहे.

हे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान झाले की प्रकाश पसरून होणारा धूसरपणा डोळ्याला ठळक जाणवू लागतो, आणि पुढचे विशालन पोकळ ठरते. ७० मिलिमीटरला ही वेळ १४० पटीला येते. ६७५ पटीला छिद्र जेमतेम ०.१ मिलिमीटरचे उरते. सूक्ष्मदर्शीतही अगदी हेच घडते. तिथे भिंगाच्या व्यासाची जागा न्यूमेरिकल अ‍ॅपर्चर घेते. भिंग नमुन्यापासून किती रुंद शंकूतला प्रकाश गोळा करते, याचे ते माप. ते पदार्थ भिंगावर ४० च्या शेजारीच कोरलेले असते: ०.६५. एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवून दिले की सूक्ष्मदर्शीची खरी मर्यादा या आकड्यात आहे, विशालनात नाही. मिलिमीटरमध्ये निर्गम छिद्राचा व्यास म्हणजे हा आकडा गुणिले ५०० भागिले विशालन. (५०० म्हणजे पुन्हा तेच २५० मिलिमीटर, दुप्पट केलेले.) ४०० पटीला ०.८ मिलिमीटर येतो, ठीक आहे. त्याच पदार्थ भिंगावर २५ पटीची नेत्रिका लावून हजारपट केली तर ०.३ मिलिमीटर, पोकळ. हजारपट हवी असेल तर तेलात बुडवायचे १०० पटीचे, १.२५ चे पदार्थ भिंग घ्यावे, म्हणजे छिद्र ०.६ मिलिमीटरवर राहते आणि हिवतापाचा परजीवी पेशीच्या आत स्वच्छ ओळखू येतो.

दुर्बीण घ्यायला गेलात आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘६७५ पट’ छापलेले दिसले, तर तिकडे दुर्लक्ष करा आणि पदार्थ भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये विचारा. त्याची दुप्पट केली की ती दुर्बीण कामाचे किती पट दाखवील ते कळते. सूक्ष्मदर्शी घेताना पदार्थ भिंगावर कोरलेले न्यूमेरिकल अ‍ॅपर्चर वाचा आणि त्याला हजाराने गुणा. त्यापुढच्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.